पोच-पावती व वाचन-पावती, इलेक्ट्रॉनिक

पोच-पावती व वाचन-पावती, इलेक्ट्रॉनिक : संगणकावरून किंवा भ्रमणध्वनीवरून पाठविलेला संदेश प्राप्तकर्त्याच्या बाजूस दाखल झाल्याची जी यांत्रिक सूचना प्रेषकाकडे परत येते तिला पोच-पावती आणि तो संदेश पडद्यावर उघडला गेल्याची जी सूचना येते तिला वाचन-पावती असे म्हणतात. कचेऱ्या, बँका, गृहनिर्माण संस्था, वकील आणि सामान्य माणसे या सूचनांचा उपयोग ‘त्याने संदेश पाहिला होता’ हे सिद्ध करण्यासाठी करतात. तथापि या दोन्ही सूचना म्हणजे एका यंत्राने यंत्रात घडलेल्या घटनेविषयी दिलेली साक्ष होय. ती घटना कोणती व ती कोठे घडली हे तपासल्याशिवाय माणसाने संदेश वाचला की नाही याविषयी पावतीवरून काहीच ठरविता येत नाही. ई-मेलच्या पावत्यांचे नियम लेखी व सर्वांना खुले असल्याने प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्यांचा विचार केला असून अखेरीस भ्रमणध्वनीवरील निळ्या खुणांचा व न्यायालयांनी त्यांना दिलेल्या स्थानाचा परामर्श घेतला आहे.

पावतीची कल्पना टपालातून आलेली आहे. रजिस्टर टपालाच्या पोचपावतीवर सही असे. ती पुष्कळदा घरातील दुसऱ्या माणसाची, शेजाऱ्याची किंवा इमारतीच्या पहारेकऱ्याची असे आणि ती फक्त पाकीट स्वीकारल्याचे सांगे. पाकीट फोडले किंवा आतील कागद वाचला, असा दावा त्या पावतीने कधी केला नाही. मात्र तिच्यामागे एका माणसाची कृती असे आणि प्रसंगी पोस्टमनला साक्षीस बोलाविता येई. इलेक्ट्रॉनिक पावतीत हा सही करणारा हात नाहीसा झाला आणि दावा मात्र वाढला. ‘मिळाले’ याच्या जागी ‘वाचले’ हा शब्द आला. या विषयातील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ या एका शब्दात आहे.

पोच-पावती : ई-मेलच्या वहनाचा मूळ संकेत (एसएमटीपी) जॉनाथन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लेखबद्ध केला. प्रेषकाचा सर्व्हर प्राप्तकर्त्याच्या सर्व्हरशी संपर्क साधून पत्र त्याच्या स्वाधीन करतो व तो २५० या अंकाने होकार देतो. या होकाराचा अर्थ एवढाच, की यापुढे पत्र पोहोचविण्याची किंवा ते न पोहोचल्याचे कळविण्याची जबाबदारी त्या सर्व्हरने घेतली. त्यानंतर पत्र मुख्य पेटीत पडेल, ‘स्पॅम’ या कप्प्यात जाईल, प्राप्तकर्त्याने घातलेल्या नियमानुसार एखाद्या उपकप्प्यात आपोआप सरकेल किंवा दुसऱ्याच पत्त्याकडे रवाना होईल. यांपैकी काय झाले हे प्रेषकाला दिसत नाही. यशस्वी पोच कळविण्याची रीतसर पद्धत १९९६ मध्ये ठरविण्यात आली व २००३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात सर्व्हर पुढील स्वरूपाचा अहवाल पाठवितो :

```
Final-Recipient: rfc822; sabhasad@example.net
Action: relayed
Status: 2.0.0
```

यातील `Action` या ओळीकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. तेथे `delivered` असेल, तर पत्र पेटीत टाकले गेले असा अर्थ होतो आणि स्पॅमचा कप्पादेखील त्याच पेटीचा भाग असतो. `relayed` असेल, तर पत्र अशा सर्व्हरकडे सोपविले गेले की जो यशस्वी पोच कळविण्याची जबाबदारी घेत नाही. म्हणजे साक्षीदार स्वतःच सांगतो, की पुढचे मला ठाऊक नाही. प्रत्यक्षात हा दुसरा अहवालही ‘पोहोचले’ या सदरात दाखल केला जातो, कारण तिसऱ्या ओळीतील २ हा आरंभीचा अंक यशाचा निदर्शक आहे व घाईत पाहणाऱ्याचे लक्ष त्यावरच स्थिरावते.

वाचन-पावती : हिची पद्धत १९९८ मध्ये निश्चित झाली, २००४ मध्ये तिची सुधारणा झाली आणि २०१७ च्या फेब्रुवारीत तिचा आरएफसी ८०९८ हा मसुदा प्रसिद्ध झाला. पोच-पावती सर्व्हर पाठवितो, तर वाचन-पावती प्राप्तकर्त्याच्या संगणकावरील किंवा फोनवरील पत्रवाचक कार्यक्रम तयार करतो. प्रेषक आपल्या पत्राच्या शिरोभागात एक विनंती घालतो. ती मान्य करणे, नाकारणे किंवा तिच्याकडे दुर्लक्ष करणे हे सर्वस्वी समोरच्या बाजूच्या हाती असते. पाळत ठेवण्याच्या कामी पावतीचा उपयोग होऊ नये म्हणून प्राप्तकर्त्याच्या संमतीवाचून ती पाठवू नये, असे मूळ नियमांतच अभिप्रेत आहे. काही कार्यक्रम प्रत्येक वेळी ‘पावती पाठवू काय?’ असे विचारतात, काहींत नेहमीसाठी होकार किंवा नकार नोंदविता येतो, तर काही ही विनंती ओळखतच नाहीत. जीमेलच्या खाजगी खात्यांत ही सोय नाही. ती संस्थांच्या खात्यांपुरती ठेवलेली आहे. होकार मिळाल्यास येणाऱ्या पावतीतील महत्त्वाची ओळ अशी असते :

```
Disposition: manual-action/MDN-sent-automatically; displayed
```

या ओळीचे तीन भाग आहेत. पत्रावर झालेली क्रिया माणसाच्या आज्ञेने झाली, असे पहिला भाग सांगतो. पावती मात्र आधी करून ठेवलेल्या मांडणीनुसार आपोआप सुटली, हे दुसऱ्या भागावरून कळते. तिसरा शब्द `displayed` म्हणजे ‘दर्शविले’ असा आहे. ‘वाचले’ असा नाही. नियमकर्त्यांनी त्याची व्याख्या करताना फार सावध शब्द वापरले आहेत. ती पेटी वाचणाऱ्या कोणास तरी पत्र दर्शविले गेले. ते वाचले गेले किंवा समजले याची हमी नाही, असा तिचा आशय आहे. ‘कोणास तरी’ हे शब्द मुद्दाम घातलेले आहेत, कारण पेटी उघडणारी व्यक्ती पेटीची मालकच असेल हे यंत्राला कळण्याचा मार्ग नाही. दुसरा शब्द `deleted` हा आहे. त्याच्या व्याख्येत पत्र काढून टाकण्यापूर्वी पाहिले गेले असेल किंवा नसेल, असे स्पष्ट म्हटले आहे. शिवाय ही पावती साध्या पत्रासारखीच असल्याने बनावट पावती तयार करणे सामान्य पत्राइतकेच सोपे असते, असा इशाराही त्याच लेखात दिलेला आहे. मूळ लेख इतका सावध असूनही पावती जेव्हा वापरणाऱ्याच्या पडद्यावर येते, तेव्हा कार्यक्रम तिचे रूपांतर ‘आपले पत्र अमुक वाजता वाचले गेले’ अशा ठाम वाक्यात करतो आणि न्यायालयात किंवा सभेत पुढे मांडले जाते ते हेच वाक्य.

अदृश्य चित्र : प्राप्तकर्ता पावती देत नाही म्हणून व्यापारी संस्थांनी दुसरा उपाय काढला. पत्रात एक बिंदू लांब व एक बिंदू रुंद असे पारदर्शक चित्र ठेवतात. पत्र उघडले की कार्यक्रम ते चित्र प्रेषकाच्या सर्व्हरवरून मागवितो आणि ती मागणी म्हणजे पत्र उघडल्याची खूण समजतात. चित्रे बंद ठेवून पत्र वाचणारा माणूस या पद्धतीत कधीच दिसत नाही. उलट बाजूने, पत्र तपासणारी सुरक्षा-यंत्रणा स्वतःच चित्रे व दुवे उघडून पाहते आणि ‘वाचक’ म्हणून नोंदली जाते. जीमेलने डिसेंबर २०१३ पासून चित्रे स्वतःच्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत आणण्यास आरंभ केला, त्यामुळे मागणी कोठून आली हे कळेनासे झाले. ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या मेल या कार्यक्रमात गोपनीयता-संरक्षणाची जी सोय दिली, तिने तर या पद्धतीचा पायाच काढून घेतला. ही सोय चालू असल्यास पत्र कोणी उघडो वा न उघडो, त्यातील चित्रे पार्श्वभूमीवर आधीच मागवून ठेवली जातात. अशा वेळी प्रेषकाच्या दप्तरी ‘उघडले’ अशी नोंद होते आणि फोन मात्र खिशात पडून असतो.

एक उदाहरण : या सर्व गोष्टी एकत्र कशा घडतात ते पाहण्यासाठी एक कल्पित प्रसंग घेऊ. ठाण्यातील एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव पुनर्विकासाच्या प्रस्तावावर विशेष सर्वसाधारण सभा बोलावितात. सूचना ई-मेलने पाठविताना ते दोन्ही प्रकारच्या पावत्या मागतात व पत्रात एक अदृश्य चित्रही ठेवतात. पाच सभासदांच्या बाबतीत त्यांच्याकडे पुढील माहिती जमते. पहिल्या सभासदाकडून कसलीच खूण येत नाही. दुसरीकडून `displayed` अशी वाचन-पावती येते. तिसऱ्याकडून आलेल्या सूचनेत पत्र न वाचता काढून टाकल्याचे म्हटलेले असते. चौथ्याचे चित्र रात्री ३ वाजून १२ मिनिटांनी मागविले गेल्याची नोंद होते. पाचव्याकडून वाचन-पावती येते, पण तिच्यात अंतिम प्राप्तकर्ता म्हणून वेगळाच पत्ता असतो आणि सचिवांचे त्याकडे लक्ष जात नाही. सचिव नोंदवहीत लिहितात : दुसरी, चौथा व पाचवा यांनी सूचना पाहिली, पहिला व तिसरा यांनी पाहिली नाही.

प्रत्यक्षात पहिल्या सभासदाने जीमेलच्या खाजगी खात्यात, चित्रे बंद ठेवून, सूचना दोनदा वाचली. त्यांच्या खात्यात पावतीची सोयच नव्हती. दुसऱ्या सभासद सकाळी कार्यालयात आल्यावर बाणाची कळ दाबत पत्रांच्या यादीतून खाली उतरत होत्या. यादीशेजारच्या पूर्वदर्शनाच्या चौकटीत सूचना क्षणभर आली व गेली. त्यांच्या कार्यक्रमात पावतीला कायमचा होकार दिलेला असल्याने पावती सुटली आणि पत्र ‘वाचलेले’ ठरून ठळक अक्षरांतून साध्या अक्षरांत गेले. पुढे त्यांच्या ते पुन्हा नजरेस न पडण्याचे कारणही हेच. तिसऱ्या सभासदाने याच पूर्वदर्शनाच्या चौकटीत संपूर्ण सूचना वाचली, तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहिली आणि पत्र काढून टाकले. त्यांच्या कार्यक्रमाची मांडणी अशी होती, की चौकटीत वाचलेले पत्र ‘वाचले’ असे धरले जात नसे. चौथ्याचा फोन रात्री विजेला जोडलेला असताना त्याने स्वतःहून चित्रे आणून ठेवली. सभासदाने पत्र उघडलेच नाही. पाचवे सभासद वृद्ध असून त्यांचा ई-मेल टोराँटोत राहणाऱ्या मुलीच्या पत्त्यावर आपोआप जातो. तिने तो उघडला, पावतीला होकार दिला आणि बाबांना फोन करायचे ती विसरली. सचिवांनी तिघांनी पाहिल्याची नोंद केली होती, त्या तिघांपैकी एकालाही सभेची माहिती नव्हती. आणि ज्या दोघांनी पाहिले नाही असे लिहिले, ते दोघेही वेळेवर सभेस आले. पाचही पावत्यांत यंत्रांनी कोठेही खोटे सांगितलेले नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

अशा प्रसंगी काय तपासावे, हे या उदाहरणावरून उघड होते. पावतीचे कार्यक्रमाने दाखविलेले वाक्य न पाहता तिचा मूळ मजकूर उघडावा. त्यातील अंतिम प्राप्तकर्त्याचा पत्ता मूळ पत्त्याशी ताडून पाहावा. पावती आपोआप सुटली की माणसाने होकार दिला, हे `Disposition` या ओळीत पाहावे. चित्राच्या मागणीची वेळ पत्र पोहोचल्यानंतर काही सेकंदांतच असेल, किंवा अनेक प्राप्तकर्त्यांची मागणी एकाच सर्व्हरच्या पत्त्यावरून आलेली असेल, तर ती यंत्राची समजावी. मात्र इतके करूनही पावतीच्या अभावातून कोणताच निष्कर्ष निघत नाही, ही मर्यादा राहतेच. मजकुरातील एखाद्या विशिष्ट गोष्टीस उत्तर मागणे हा जुना उपाय आजही अधिक भरवशाचा आहे. सचिवांनी ‘तीन प्रस्तावांपैकी कोणत्यास आपली पसंती आहे ते कळवावे’ अशी एक ओळ घातली असती, तर ज्याने उत्तर दिले त्याने वाचले एवढे तरी निश्चित झाले असते. उत्तर न देणाऱ्यांसाठी इमारतीतील फलक आणि हातपोच सूचना यांची जागा कोणतीही पावती घेऊ शकत नाही.

निळ्या खुणा : व्हॉट्सॲपवर संदेश सर्व्हरकडे गेला की एक करडी खूण, प्राप्तकर्त्याच्या फोनवर किंवा त्याला जोडलेल्या एखाद्या उपकरणावर पोहोचला की दोन करड्या खुणा आणि उघडला गेला की दोन निळ्या खुणा दिसतात. निळ्या खुणा नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाल्या आणि वापरकर्त्यांच्या नाराजीनंतर त्या बंद ठेवण्याची सोयही लवकरच देण्यात आली. बंद ठेवणाऱ्याला दुसऱ्यांच्या निळ्या खुणा दिसत नाहीत, एवढीच त्याची किंमत. समूहातील संभाषणात मात्र त्या बंद करता येत नाहीत आणि सर्व सदस्यांकडे संदेश उघडला जाईपर्यंत त्या निळ्या होत नाहीत. येथे ई-मेलपेक्षा एक गोष्ट बरी आहे. संदेश पोहोचविणारा सर्व्हर व दाखविणारा कार्यक्रम एकाच कंपनीचे असल्याने मधल्या अवस्थांत संदिग्धता कमी असते. पण शेवटचे अंतर तसेच राहते. फोनच्या पडद्यावर वर सरकणाऱ्या सूचनेत संपूर्ण मजकूर वाचणारा माणूस निळी खूण उमटू देत नाही. याउलट कार्यालयातील संगणकावर संभाषण उघडे ठेवून जागेवरून उठलेल्या माणसाच्या नावावर नवा संदेश वाचल्याची खूण पडू शकते. फोन मुलाच्या हाती असल्यास खूण त्याच्या स्पर्शाने निळी होते. संदेशासोबत दस्तऐवज जोडलेला असेल, तर संभाषण उघडताच खूण निळी होते. दस्तऐवज उघडावा लागत नाही. ध्वनिसंदेश ऐकल्याची मात्र वेगळी खूण असते व वाचन-पावत्या बंद ठेवल्या तरी ती पाठविली जाते. पुराव्याच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नाही.

कायद्यातील स्थान : टपालाबाबत १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या २७ व्या कलमाने व्यवहारी मार्ग काढला होता. योग्य पत्ता लिहून, शुल्क भरून रजिस्टर टपालाने पाठविलेला कागद बजावला गेला असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरावे. हे गृहीतक आहे, वाचनाचा पुरावा नव्हे, याविषयी कायद्याला भ्रम नव्हता. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याचे १३ वे कलमही असेच संयमी आहे. प्राप्तकर्त्याने नेमून दिलेल्या संगणक-साधनात अभिलेख शिरला, की तो प्राप्त झाला. वाचनाचा तेथे उल्लेख नाही. १२ व्या कलमानुसार पोच देण्याची रीत आधी ठरलेली नसेल, तर प्राप्तकर्त्याच्या आपोआप गेलेल्या उत्तराने किंवा त्याच्या वर्तनानेही पोच दिली जाऊ शकते.

न्यायालयांनी निळ्या खुणांना वेळोवेळी निरनिराळे वजन दिले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये न्या. गौतम पटेल यांच्यासमोरील एका वसुली-प्रकरणात, समोरचा पक्ष नोटीस टाळत असता, व्हॉट्सॲपवर पीडीएफ स्वरूपात पाठविलेली नोटीस बजावली गेल्याचे मान्य केले. संदेश व त्याला जोडलेला दस्तऐवज नुसते पोहोचले नसून उघडलेही गेले, असे त्या खुणांवरून दिसते, असे न्यायालयाने नोंदविले. टाळाटाळ करणाऱ्याच्या बाबतीत हा निर्णय न्याय्य वाटतो. तथापि जोडलेल्या दस्तऐवजासंबंधीचा त्यातील निष्कर्ष खुणेच्या तांत्रिक सामर्थ्यापेक्षा थोडा पुढे जातो, असे म्हणणे भाग आहे. कोविड-१९ च्या साथीत, जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-मेल, फॅक्स व तत्काळ संदेशसेवा यांद्वारे बजावणीस मुभा दिली. मात्र संदेशसेवेचा वापर करणाऱ्याने तोच दस्तऐवज त्याच दिवशी ई-मेलनेही पाठविला पाहिजे, अशी अट घातली. एका साक्षीदाराला दुसऱ्याची जोड देण्याची ही रीत विचारपूर्वक होती. जानेवारी २०२५ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने, आरोपीने पोलिसांपुढे हजर राहण्यासंबंधीची, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५ व्या कलमाखालील नोटीस व्हॉट्सॲप किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावू नये, असा निर्देश दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये हरियाणा राज्याने त्यात बदल करावा म्हणून केलेली विनंतीही अमान्य झाली. या नोटिशीकडे दुर्लक्ष झाल्यास अटक होऊ शकते. पैशाच्या दाव्यात चुकीची पावती ग्राह्य धरल्यास झालेला आदेश पुढे मागे घेता येतो. अटकेच्या बाबतीत, पत्र मुलीच्या पेटीत उघडले गेले होते हे कळेपर्यंत माणूस कोठडीत गेलेला असतो.

पावतीवरील वेळेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ई-मेलच्या वाचन-पावतीवरील वेळ ही पावती तयार करणाऱ्या उपकरणाच्या घड्याळाची असते आणि ते घड्याळ वापरणाऱ्याला बदलता येते. उपकरण जालापासून तुटलेले असताना पत्र वाचले, तर पावती जोडणी परत मिळाल्यावर निघते. म्हणून मुदतीचा वाद असेल, तेव्हा पावतीवरील वेळेची सर्व्हरच्या दप्तरातील नोंदींशी तुलना करतात. या नोंदी ई-मेल-सेवा देणाऱ्या कंपनीकडे असतात आणि त्या कायमच्या जपून ठेवल्या जात नाहीत. वाद न्यायालयात येईपर्यंत त्या बहुधा नष्ट झालेल्या असतात.